गृहकर्जाच्या सर्व हप्त्यांतले एकूण व्याज कसे काढावे आणि ते मुद्दलाशी कसे ताडून पाहावे

गृहकर्ज मंजूर झाले की बँक किंवा गृहवित्त कंपनी कर्जदाराला परतफेडीचे एक वेळापत्रक देते. बँकेत त्याला ‘रिपेमेंट शेड्यूल’ किंवा ‘अमॉर्टायझेशन शेड्यूल’ म्हणतात. वीस वर्षांच्या कर्जात त्याच्या दोनशे चाळीस ओळी असतात आणि बहुतेक जण त्यातली पहिली ओळ, म्हणजे हप्त्याची रक्कम, पाहून कागद फाइलला लावतात. या संपूर्ण कर्जावर आपण किती व्याज देणार आहोत आणि ते घेतलेल्या रकमेच्या तुलनेत किती होते, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच कागदात असते. ते काढायला गणिताचे विशेष ज्ञान लागत नाही. लागते ती स्तंभांची नीट बेरीज आणि ती बेरीज बरोबर आली आहे की नाही हे पडताळण्याची पद्धत. पडताळणीवर या लेखात अधिक भर दिला आहे, कारण चुकीची बेरीजही दिसायला बरोबर बेरजेसारखीच असते.

उदाहरण म्हणून एक साधे कर्ज घेऊ. मुद्दल 30 लाख रुपये, व्याजदर वार्षिक 8.5 टक्के, मुदत 20 वर्षे, म्हणजे 240 मासिक हप्ते. सूत्राने येणारा हप्ता 26,034 रुपये 70 पैसे आहे आणि बँक तो पूर्ण रुपयात करून 26,035 रुपये ठरवते, असे समजू. पुढचे सगळे आकडे याच कर्जाचे आहेत.

वेळापत्रक कोठून मिळवावे

रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार, 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी कर्जदाराला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावे लागते आणि त्याच्यासोबत संपूर्ण मुदतीचे परतफेडीचे वेळापत्रकही जोडावे लागते. कर्ज त्याआधीचे असेल तर शाखेत लेखी मागणी करावी, किंवा बँकेच्या संकेतस्थळावर कर्ज खात्याच्या पानावरून ते उतरवून घ्यावे. मागताना आजच्या तारखेचे वेळापत्रक हवे आहे हे स्पष्ट सांगावे. कर्ज मंजूर झाले त्या दिवशीचा कागद आणि आज खात्यात चालू असलेला हिशोब यांत मोठा फरक पडलेला असू शकतो, आणि तो का पडतो हे पुढे पाहणारच आहोत.

एक ओळ कशी तयार होते

बेरजेला लागण्यापूर्वी एक ओळ हाताने करून पाहणे अत्यंत उपयोगाचे आहे. वेळापत्रकाच्या प्रत्येक ओळीत साधारणपणे हप्त्याचा क्रमांक, तारीख, सुरुवातीची शिल्लक, हप्ता, त्यातले व्याज, त्यातले मुद्दल आणि अखेरची शिल्लक असे स्तंभ असतात. व्याज नेहमी त्या महिन्याच्या सुरुवातीच्या शिल्लक मुद्दलावर आकारले जाते. आपल्या उदाहरणात पहिल्या महिन्याचे व्याज म्हणजे 30,00,000 गुणिले 8.5, भागिले 1200, म्हणजे 21,250 रुपये. हप्ता 26,035 चा, म्हणून मुद्दलात वळते झाले ते फक्त 4,785 रुपये. उरलेली शिल्लक 29,95,215 रुपये, आणि दुसऱ्या महिन्याचे व्याज या रकमेवर लागते. पहिल्या तीन ओळी अशा दिसतात:

| हप्ता क्र. | सुरुवातीची शिल्लक | व्याज | मुद्दल | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| 1 | 30,00,000 | 21,250 | 4,785 | 29,95,215 |
| 2 | 29,95,215 | 21,216 | 4,819 | 29,90,396 |
| 3 | 29,90,396 | 21,182 | 4,853 | 29,85,543 |

या सुरुवातीच्या ओळींत दर महिन्याला व्याज चौतीस रुपयांच्या आसपास कमी होते आणि तेवढेच मुद्दल वाढते. आपल्या वेळापत्रकातली कोणतीही एक ओळ, शक्यतो मधली, अशी करून पाहावी. उत्तर रुपया-दोन रुपयांच्या फरकाने जुळले, तर बँक कोणत्या दराने आणि कोणत्या रकमेवर व्याज लावते आहे हे आपल्याला समजले असे धरायला हरकत नाही. ते जुळत नसेल, तर बेरीज करण्यापूर्वी दर तपासावा. मंजुरीपत्रातला दर आणि वेळापत्रकातला दर वेगळा असू शकतो.

आकडे स्प्रेडशीटमध्ये आणणे

वेळापत्रक बहुधा पीडीएफ स्वरूपात मिळते. त्यातला तक्ता निवडून एक्सेल, लिब्रेऑफिस किंवा गुगल शीट्समध्ये चिकटवावा आणि स्तंभ या क्रमाने ठेवावेत: A मध्ये हप्ता क्रमांक, B मध्ये तारीख, C मध्ये सुरुवातीची शिल्लक, D मध्ये हप्ता, E मध्ये व्याज, F मध्ये मुद्दल, G मध्ये अखेरची शिल्लक. पहिली ओळ शीर्षकांची, म्हणून आकडे दुसऱ्या ओळीपासून सुरू होतील आणि 240 हप्ते 241व्या ओळीपर्यंत जातील.

येथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे चिकटवलेले आकडे आकडे न राहता मजकूर होतात. लाखांच्या पद्धतीने दिलेले स्वल्पविराम किंवा आकड्यामागे राहिलेली रिकामी जागा यामुळे स्प्रेडशीट त्यांना संख्या मानत नाही, आणि SUM हे सूत्र मजकुराकडे दुर्लक्ष करून पुढे जाते. त्यामुळे बेरीज शून्य तरी येते, किंवा त्याहून घातक म्हणजे काही ओळी गाळून थोडी कमी येते. ओळखण्याची खूण सोपी आहे: संख्या आपोआप कप्प्याच्या उजव्या कडेला बसतात आणि मजकूर डाव्या कडेला. डावीकडे चिकटलेले आकडे दिसले, तर शेजारच्या मोकळ्या स्तंभात हे सूत्र देऊन ते संख्येत बदलून घ्यावेत:

```
=VALUE(SUBSTITUTE(TRIM(E2),",",""))
```

दुसरा बिघाड वार्षिक बेरजेच्या ओळींचा. अनेक वेळापत्रकांत प्रत्येक आर्थिक वर्षाच्या शेवटी, मार्चच्या हप्त्याखाली, त्या वर्षाच्या व्याजाची आणि मुद्दलाची बेरीज छापलेली असते. संपूर्ण स्तंभाची बेरीज घेतली की या ओळीही तीत मिसळतात आणि प्रत्येक रुपया दोनदा मोजला जातो. तिसरा बिघाड पान बदलताना होतो: पानाच्या तळाची एखादी ओळ चिकटवताना सुटते किंवा पुढच्या पानावर ‘मागील शिल्लक’ म्हणून पुन्हा येते.

वार्षिक बेरजेच्या ओळींना हप्ता क्रमांक नसतो. त्यामुळे त्या एकेक करून पुसत बसण्यापेक्षा, क्रमांक असलेल्याच ओळींची बेरीज मागणारे सूत्र वापरावे:

```
=SUMIF(A2:A300,">0",F2:F300)
```

सुटलेली ओळ शोधण्यासाठी H3 या कप्प्यात पुढचे सूत्र लिहून ते खालपर्यंत ओढावे. प्रत्येक ओळीची सुरुवातीची शिल्लक ही आधीच्या ओळीच्या अखेरच्या शिलकीइतकीच असली पाहिजे, म्हणून उत्तर सर्वत्र शून्य यायला हवे. जेथे शून्य येत नाही तेथे एक तर ओळ गळली आहे, किंवा दोन ओळींच्या मध्ये बेरजेची ओळ बसली आहे.

```
=C3-G2
```

आधी मुद्दलाची बेरीज, मग व्याजाची

बहुतेक जण थेट व्याजाच्या स्तंभाची बेरीज करतात. मी मुद्दलाच्या स्तंभापासून सुरुवात करण्याचा आग्रह धरतो, कारण एकूण व्याज किती यायला हवे हे आपल्याला आधी ठाऊक नसते, पण एकूण मुद्दल किती यायला हवे हे ठाऊक असते. सर्व हप्त्यांतल्या मुद्दलांची बेरीज ही कर्जाच्या रकमेइतकी, आपल्या उदाहरणात नेमकी 30,00,000, आलीच पाहिजे. ती 60 लाख आली, तर वार्षिक बेरजांच्या ओळी मिसळल्या आहेत. 29 लाख आणि काही हजार आली, तर ओळी गळल्या आहेत किंवा काही आकडे मजकूर राहिले आहेत. मुद्दलाची बेरीज जुळल्याशिवाय व्याजाच्या बेरजेवर विश्वास ठेवू नये, कारण दोन्ही स्तंभ त्याच ओळींवर उभे आहेत आणि एकातली चूक बहुधा दुसऱ्यातही असते. बहुधा म्हटले ते अशासाठी, की मजकूर झालेला आकडा एखाद्याच स्तंभात असू शकतो. म्हणून त्यानंतरची दुसरी कसोटीही टाळू नये.

ही दुसरी कसोटी म्हणजे हप्त्यांच्या स्तंभाची बेरीज. व्याजाची बेरीज आणि मुद्दलाची बेरीज मिळून ती हप्त्यांच्या बेरजेइतकी असली पाहिजे.

```
=SUMIF(A2:A300,">0",E2:E300)
=SUMIF(A2:A300,">0",D2:D300)
```

आपल्या उदाहरणात व्याजाची बेरीज सुमारे 32,48,210 रुपये येते आणि हप्त्यांची 62,48,210. येथे नवख्या वाचकाला एक शंका येईल: 26,035 गुणिले 240 केले तर 62,48,400 येतात, मग 190 रुपये कोठे गेले? ते शेवटच्या हप्त्यात गेले. हप्ता वरच्या पूर्ण रुपयात नेल्यामुळे दर महिन्याला तीस पैसे जास्त भरले जातात, ते मुद्दलातून वजा होतात, आणि वीस वर्षांत त्यांचा परिणाम साठून शेवटचा हप्ता 26,035 ऐवजी सुमारे 25,845 रुपयांचा राहतो. म्हणून हप्ता गुणिले संख्या हा अंदाज म्हणून चालतो, पण वेळापत्रकाची शेवटची ओळ प्रत्यक्ष पाहावी. त्या ओळीतली अखेरची शिल्लक शून्य असली पाहिजे.

वेळापत्रक हाताशी नसेल, तर एका सूत्रानेही एकूण व्याज काढता येते:

```
=CUMIPMT(8.5%/12,240,3000000,1,240,0)
```

हे सूत्र उत्तर वजा चिन्हासह देते, कारण ते पैसे आपल्या खिशातून जाणारे आहेत. येणारा आकडा 32,48,327 हा आहे. तो बेरजेपेक्षा 117 रुपयांनी जास्त दिसतो, त्याचे कारण वर सांगितलेले हप्त्याचे पूर्णांकीकरणच. बँक प्रत्येक महिन्याचे व्याज पैशात ठेवते की रुपयात, यावरही शे-दोनशे रुपयांचा फरक पडतो. फरक हजारांत गेला, तर मात्र तो पूर्णांकीकरणाचा नाही. दर, मुदत किंवा रक्कम यांपैकी काहीतरी वेगळे आहे.

मुद्दलाशी तुलना

आता 32,48,210 ला 30,00,000 ने भागावे. उत्तर 1.08 येते. म्हणजे घेतलेल्या प्रत्येक रुपयामागे तो रुपया परत करून वर एक रुपया आठ पैसे व्याज द्यायचे आहे. दुसऱ्या बाजूने पाहायचे तर भरल्या जाणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी सुमारे 52 रुपये व्याजाचे आणि 48 रुपये घराचे आहेत.

हे गुणोत्तर म्हणजे व्याजदर नव्हे, आणि या दोहोंची गल्लत होऊ नये. कोणी 1.08 ला 20 वर्षांनी भागून ‘म्हणजे वर्षाला साडेपाच टक्केही पडत नाही’ असे समजावू लागला, तर तो आकडा सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर मोजलेला सपाट दर आहे, हे ध्यानात घ्यावे. कर्जदाराकडे पूर्ण 30 लाख वीस वर्षे नसतातच. शिल्लक दरमहा घटते. घटत्या शिलकीवरचा खरा दर 8.5 टक्केच आहे. सपाट दराने सांगितलेली कोणतीही योजना गृहकर्जाशी ताडताना ही दोन मापे एका तागडीत घालू नयेत.

एकूण गुणोत्तरापेक्षाही मला अधिक सांगण्यासारखी वाटते ती त्याची काळानुसार विभागणी. त्याच स्प्रेडशीटमध्ये पहिल्या 12 ओळींची बेरीज वेगळी घ्यावी. पहिल्या वर्षात 3,12,420 रुपये भरले जातात, त्यांपैकी सुमारे 2,52,700 व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ते जेमतेम 59,700. पहिल्या 60 ओळी घेतल्या, तर पाच वर्षांत 15,62,100 रुपये भरूनही मुद्दल सुमारे 3,56,200 नेच कमी झालेले असते आणि 26 लाख 43 हजारांहून अधिक देणे शिल्लक असते. पाच वर्षांनी घर विकण्याचा किंवा कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेण्याचा विचार असणाऱ्यांनी बाकी काही नाही तरी हा आकडा नक्की काढून ठेवावा.

मुद्दलाचा भाग व्याजाहून मोठा कधी होतो, हेही पाहण्याजोगे आहे. आपल्या उदाहरणात 142व्या हप्त्यापर्यंत निम्म्याहून अधिक रक्कम व्याजात जाते आणि 143व्या हप्त्यात, म्हणजे बारावे वर्ष संपता संपता, पारडे फिरते. निम्मे कर्ज फिटायला 166 हप्ते लागतात, म्हणजे जवळपास चौदा वर्षे. यात बँकेची लबाडी आहे असा समज काही जण करून घेतात, तो दूर करणे आवश्यक आहे. सुरुवातीला व्याज जास्त असते ते केवळ सुरुवातीला शिल्लक जास्त असते म्हणून. बँक पुढच्या वर्षांचे व्याज आधी वसूल करत नाही. प्रत्येक महिन्याचे व्याज त्या महिन्याच्या शिलकीवरच असते, आणि हे आपण पहिल्या ओळीत स्वतः करून पाहिले आहे.

मुदत बदलली की गुणोत्तर किती बदलते, हे CUMIPMT मध्ये दोन्ही ठिकाणी 240 च्या जागी 180 घालून लगेच दिसते. तेच 30 लाख, तोच 8.5 टक्के दर, पण 15 वर्षे मुदत घेतली तर हप्ता सुमारे 29,542 रुपये होतो आणि एकूण व्याज सुमारे 23 लाख 18 हजारांवर येते. गुणोत्तर 1.08 वरून 0.77 होते. हप्त्यात दरमहा साडेतीन हजारांची वाढ आणि एकूण व्याजात नऊ लाख तीस हजारांची घट, अशी ही अदलाबदल आहे. ती आपल्या घरखर्चाला झेपते का, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मात्र ठरवताना दोन्ही आकडे समोर असावेत.

या तुलनेची एक मर्यादा येथेच सांगितली पाहिजे. या बेरजेत आजचा रुपया आणि वीस वर्षांनंतरचा रुपया सारख्याच किमतीचे धरले आहेत. महागाईमुळे शेवटच्या वर्षांतला 26,035 चा हप्ता आजच्याइतका जड वाटणार नाही. त्यामुळे 32 लाख 48 हजार हा आकडा दोन कर्जांची किंवा दोन मुदतींची तुलना करायला उत्तम आहे, पण ‘घर घेतल्याने एवढे नुकसान झाले’ असा त्याचा अर्थ काढणे योग्य नाही.

वेळापत्रकाबाहेर राहणारे व्याज

काही व्याज वेळापत्रकात येतच नाही, तरी ते भरावे लागते. कर्जाची रक्कम महिन्याच्या 18 तारखेला दिली गेली आणि हप्त्याची गणना पुढच्या महिन्याच्या 6 तारखेपासून सुरू होणार असेल, तर मधल्या दिवसांचे व्याज वेगळे आकारले जाते. आपल्या कर्जावर एका दिवसाचे व्याज 2,55,000 भागिले 365, म्हणजे 698 रुपये 63 पैसे. मधले दिवस 18 असतील, तर ही रक्कम सुमारे 12,575 रुपये होते.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सदनिका घेतली असेल, तर हा भाग याहून पुष्कळ मोठा असतो. बिल्डरला रक्कम टप्प्याटप्प्याने दिली जाते, आणि पूर्ण रक्कम दिली जाईपर्यंत अनेक बँका दिलेल्या रकमेवर फक्त व्याज घेतात. त्याला ‘प्री-ईएमआय’ म्हणतात. या काळात मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही आणि 240 हप्त्यांची मोजणी नंतर सुरू होते. ताबा दोन वर्षांनी मिळाला, तर या दोन वर्षांत भरलेले सगळे प्री-ईएमआय व्याज आपल्या एकूण बेरजेत वेगळ्या ओळीने मिळवले पाहिजे. प्रक्रिया शुल्क, विमा, मुद्रांक यांचा खर्चही होतो, पण ते व्याज नाही. त्याची नोंद वेगळी ठेवावी आणि मुद्दलाशी तुलना करताना ती व्याजात मिसळू नये.

दर बदलल्यावर बेरीज नव्याने करणे

वरचा सगळा हिशोब दर वीस वर्षे एकच राहील असे धरून केलेला आहे. गृहकर्जे मात्र बहुतांशी बदलत्या दराची असतात, आणि बँकांनी 1 ऑक्टोबर 2019 नंतर दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य निर्देशांकाला जोडलेली आहेत. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर गेला, आणि 2025 मध्ये तो टप्प्याटप्प्याने खाली आला. प्रत्येक बदलानंतर जुन्या वेळापत्रकातली बेरीज निरुपयोगी होते.

त्यानंतरचा योग्य हिशोब दोन भागांचा असतो: आजपर्यंत प्रत्यक्ष भरलेले व्याज, अधिक आजच्या शिलकीवर नव्या दराने पुढे लागणारे व्याज. पहिला भाग कर्ज खात्याच्या उताऱ्यातून किंवा दर आर्थिक वर्षाच्या व्याजाच्या दाखल्यांतून घ्यावा. दाखला घेताना तो अंदाजित नसून अंतिम असल्याची खात्री करावी, कारण वर्षाच्या मध्ये दिलेला दाखला पुढचे हप्ते गृहीत धरून बनवलेला असतो. दुसरा भाग नव्या वेळापत्रकातून घ्यावा.

आपल्या उदाहरणात 24 हप्ते भरल्यावर दर 8.5 वरून 9.25 टक्के झाला असे समजू. तोवर भरलेले व्याज सुमारे 5,00,140 रुपये आणि शिल्लक मुद्दल सुमारे 28,75,300. आता बँकेने हप्ता 26,035 च ठेवला आणि मुदत वाढवली, तर नव्या दराने पहिल्याच महिन्याचे व्याज 22,164 रुपये होते आणि मुद्दलासाठी फक्त 3,871 उरतात. उरलेले हप्ते 216 ऐवजी 249 होतात, त्यांतले व्याज सुमारे 35 लाख 87 हजार, आणि दोन्ही भाग मिळून एकूण व्याज सुमारे 40 लाख 87 हजार. गुणोत्तर 1.08 वरून 1.36 वर गेले, आणि हे खात्यातून जाणाऱ्या हप्त्यात एका रुपयाचाही फरक न पडता घडले. म्हणूनच ते अनेकांच्या लक्षात येत नाही.

याच वेळी मुदत तीच ठेवून हप्ता वाढवून घेतला, तर तो सुमारे 27,376 रुपये होतो, म्हणजे 1,341 रुपयांनी जास्त. मग पुढचे व्याज सुमारे 30 लाख 38 हजार आणि एकूण सुमारे 35 लाख 38 हजार राहते. दोन पर्यायांत साडेपाच लाखांचा फरक आहे. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार, दर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्ही थोडे थोडे करणे यांतली निवड बँकेने कर्जदाराला दिली पाहिजे. त्याच परिपत्रकानुसार दर तिमाहीच्या अखेरीस आजवर वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि वार्षिक दर दाखवणारे विवरण उपलब्ध करून द्यावे लागते. हे विवरण आपल्या दोन भागांच्या हिशोबासाठी आयते साधन आहे. त्यातली उरलेल्या हप्त्यांची संख्या मागच्या तिमाहीपेक्षा तीनने कमी झालेली दिसली नाही, किंवा वाढलेली दिसली, तर मुदत लांबवली गेली आहे असे समजावे आणि शाखेकडे हप्ता वाढवून मुदत पूर्ववत करण्याची लेखी मागणी करावी.

मध्येच मोठी रक्कम भरून मुद्दल कमी केले असेल, तर तिची ओळ वेगळी लिहावी: व्याजाच्या स्तंभात शून्य, हप्त्याच्या आणि मुद्दलाच्या स्तंभांत पूर्ण रक्कम, आणि A स्तंभात एखादा क्रमांक द्यायला विसरू नये, नाहीतर SUMIF ती ओळ गाळेल आणि मुद्दलाची बेरीज तेवढ्याच रकमेने कमी येईल.

उतारा आणि वेळापत्रक महिन्यागणिक जुळले नाही तर

प्रत्यक्ष उतारा समोर ठेवल्यावर आणखी एक विसंगती दिसू शकते. काही बँका व्याज दैनंदिन शिलकीवर आकारतात. अशा खात्यात 31 दिवसांच्या महिन्यात आपल्या उदाहरणातले पहिले व्याज 21,250 न दिसता सुमारे 21,657 दिसेल, आणि 28 दिवसांच्या फेब्रुवारीत तेवढ्याच शिलकीवर सुमारे 19,562 दिसेल. वेळापत्रक बारा समान महिने धरून केलेले असते, उतारा दिवस मोजून केलेला असतो. म्हणून महिन्या-महिन्याची तुलना करू नये, पूर्ण आर्थिक वर्षाची करावी. वर्षाच्या बेरजेतला फरक थोडा असेल, तर तो दिवसांच्या मोजणीचा आहे. तो दोन-चार हजारांच्या पुढे गेला, तर उताऱ्यात दर बदलल्याची तारीख, उशिरा जमा झालेला हप्ता किंवा दंडाची आकारणी शोधावी. सापडले नाही, तर त्या वर्षाची व्याजाची बेरीज आणि आपण केलेला हिशोब शेजारी मांडून शाखा व्यवस्थापकांकडे लेखी खुलासा मागावा. अशा अर्जात दोन आकडे, त्यांतला फरक आणि संबंधित आर्थिक वर्ष एवढे स्पष्ट लिहिलेले असले, की कर्ज विभागाला नेमका तोच काळ तपासता येतो.